पाठ असलेलं गाणं दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी का अडतं, आणि त्यावर काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. गाणं पाठ आहे. काम करता करता, रेकॉर्डिंगबरोबर, ते अख्खं म्हणता येतं. स्टेजवर मात्र ध्रुवपद होतं, मधलं म्युझिक संपतं आणि दुसरं कडवं उचलायच्या क्षणी डोकं कोरं पडतं. कधी याहून फसवं होतं. कडवं बरोबर सुरू होतं आणि दोन शब्दांनंतर आपण पहिल्याच कडव्यात परत गेलेलो असतो. मग पुढच्या वेळी आणखी दहा वेळा गाणं म्हणून ठेवलं जातं, आणि पुन्हा त्याच जागी अडतं.

आणखी दहा वेळा म्हटल्याने ते सुटत नाही, कारण गाणं जिथे तुटतं ती जागा त्या दहा वेळांत पक्की होतच नाही. ती जागा म्हणजे कडव्याचं तोंड. ओळीच्या मधोमध शब्द क्वचितच जातात. गेले तरी एखादा शब्द बदलतो आणि गाणं पुढे सरकतं. अडतं ते जोडावर, म्हणजे ध्रुवपद संपून नवं कडवं सुरू होतं तिथे.

आधी दोष कोणता ते पाहा

उपाय करण्याआधी दहा मिनिटं तपासायला द्या, कारण वरवर सारखे दिसणारे दोष वेगळे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

चिठ्ठ्यांवर फक्त आकडे लिहा: 1, 2, 3, जितकी कडवी असतील तितके. चिठ्ठ्या उलट्या ठेवून एक उचला आणि ते कडवं सुरात लगेच सुरू करा. ‘लगेच’ म्हणजे साधारण दोन सेकंदांत. दुसरं कडवं उचलण्यासाठी मनातल्या मनात ध्रुवपद किंवा पहिलं कडवं म्हणून घ्यावं लागत असेल, तर ते कडवं स्वतंत्रपणे पाठ नाही, आधीच्या ओळींच्या आधाराने येतं आहे. स्टेजवर कोरं पडणाऱ्यांपैकी बरेच जण या चाचणीत अडतात, आणि घरी एकदाही चूक होत नव्हती म्हणून त्यांना त्याचं आश्चर्य वाटतं.

दुसरी चाचणी रेकॉर्डिंगची. गाणं लावा, बरोबर गा, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधीचं म्युझिक सुरू होताच आवाज पूर्ण बंद करा. तीसेक सेकंद एकट्याने गात राहा आणि मग आवाज वाढवा. शब्द अडले, तर आतापर्यंत रेकॉर्डिंगमधला गायक तुम्हाला शब्द सांगत होता. त्याचा पहिला उच्चार कानावर पडतो आणि क्षणाच्याही आत आपण त्यात सामील होतो. ही मदत इतकी बारीक असते की घेणाऱ्याला ती घेतल्याचं कळत नाही.

तिसरी चाचणी साधी आहे: चाल न लावता, बोलल्यासारखे, गाण्याच्या दुप्पट वेगाने सगळे शब्द म्हणा. इथे जिथे जीभ घुटमळते, तिथे शब्द चालीच्या आधाराने उभे आहेत. तेवढ्याने बिघडत नाही, पण त्या जागांवर पेन्सिलने खूण करून ठेवा.

तिन्ही चाचण्या नीट पार पडल्या आणि तरी स्टेजवर अडत असेल, तर दोष पाठांतराचा नाही, परिस्थितीचा आहे. तसं असेल तर खालचा ‘सराव बिघडवणे’ हा भाग आधी वाचा.

जोडावरच का?

कडव्याच्या आत पुढचा शब्द शोधायला बरीच मदत असते. चाल किती अक्षरांचा शब्द बसेल ते सांगते, यमक शेवट कसा असेल ते सांगतं आणि अर्थ कोणत्या दिशेने जायचं ते सांगतो. यातला एकेक आधार सैल असतो, पण तिन्ही एकत्र आले की बसणारा शब्द बहुतेक एकच उरतो. मौखिक परंपरेतली लांबलचक गाणी शतकानुशतकं कशी टिकतात याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रुबिन यांनी स्मरणाची हीच बाजू मांडली आहे.

आता कडव्याचं तोंड बघा. यमक अजून तयार झालेलं नाही. चाल प्रत्येक कडव्याची तीच, त्यामुळे ती कोणतं कडवं हे सांगू शकत नाही. आणि आधी काय येतं? ध्रुवपद, जे प्रत्येक कडव्याआधी अगदी तेच असतं. म्हणजे एकाच खुणेला तीन-चार उत्तरं जोडलेली आहेत. मन त्यातलं सर्वांत पक्कं उत्तर पुढे करतं, आणि सर्वांत पक्कं नेहमी पहिलं कडवं असतं, कारण सराव करताना आपण प्रत्येक वेळी तिथूनच सुरुवात करतो. अर्धवट सोडलेल्या प्रत्येक सरावात पहिलं कडवं होतं आणि तिसरं राहतं.

सरावाच्या पद्धतीचाही यात वाटा आहे. कागद बघून वीस वेळा म्हटलं की ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं असा गैरसमज होतो. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात हा फरक स्वच्छ दिसला. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्याने मात्र ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं, ते बरेच पुढे होते. संध्याकाळी ‘झालं पाठ’ असं वाटणारं गाणं चार दिवसांनी विरतं ते यामुळे.

एक गाणं घेऊन पाहू

उदाहरणासाठी मुद्दाम चकवणारं असं तीन कडव्यांचं गाणं रचलं आहे. तिन्ही कडव्यांची चाल एकच धरा.

ध्रुवपद:
दारे थोडी उघडी ठेवा, कुणी यायचे आहे

कडवं 1:
पहाट झाली, धुके उतरले, ओली झाली पाने
वाटेवरच्या मुक्या घराला सुचले आज तराणे

कडवं 2:
दुपार झाली, ऊन पसरले, निजली सारी राने
विहिरीकाठी थकून बसले वाऱ्याचेही गाणे

कडवं 3:
सांज उतरली, दिवे लागले, घरी परतल्या गाई
अंगणातल्या जुन्या कथांना पुन्हा लागली घाई

हे गाणं कुठे तुटणार हे कागदावरच दिसतं. पहिल्या दोन कडव्यांत ‘झाली’ हा शब्द अगदी त्याच सुरावर, त्याच मात्रेवर येतो. ‘दुपार झाली’ बरोबर म्हटलं तरी ‘झाली’वर पोचल्यावर दोन रस्ते फुटतात, आणि रेल्वेचा सांधा बदलावा तशी ओळ ‘धुके उतरले’वर निघून जाते. एकदा तिकडे गेली की ‘ओली झाली पाने’ आपोआप येतं. शेवटचं ‘पाने’ आणि ‘राने’ यांचं यमकही एकच असल्यामुळे कान चूक पकडत नाही. दुसऱ्या ओळीतही तेच, ‘तराणे’ आणि ‘गाणे’. तिसरं कडवं तुलनेने सुरक्षित आहे, कारण त्याचं यमक वेगळं. त्यात एकच खड्डा आहे: ‘उतरली’. पहिल्या कडव्यातल्या ‘उतरले’ची ती सख्खी बहीण, फक्त जागा वेगळी.

तर पहिली पायरी हीच. गाणं स्वतःच्या हाताने एका कागदावर लिहून काढा, ध्रुवपद एकदाच. मग कडवी शेजारीशेजारी ठेवून, त्याच जागी येणारे समान किंवा जवळपास समान शब्द चौकटीत टाका. या गाण्यात पाच-सहा चौकटी होतात. पाठांतराची खरी मेहनत या चौकटींपुढच्या शब्दांवर करायची आहे, बाकीचं गाणं बहुतेक आपोआप बसतं. छापील किंवा मोबाइलवरचे शब्द यासाठी नकोत. लिहिताना हात प्रत्येक शब्दावर थांबतो, आणि ऐकून मनात बसलेले चुकीचे शब्दही इथेच सापडतात.

दुसरी पायरी म्हणजे प्रत्येक चौकटीच्या अलीकडच्या शब्दाला पलीकडच्या शब्दाशी अर्थाने बांधणं. इथे ‘झाली’ काही कामाचा नाही, तो दोन्हीकडे आहे. म्हणून ‘दुपार’ने थेट ‘ऊन’ आणलं पाहिजे आणि ‘पहाट’ने थेट ‘धुकं’. मग कारणांची साखळी करा. पहाटेच्या धुक्याने पानं ओली झाली. दुपारच्या उन्हात रानं निजली. ओलं होणं हे धुक्याचं काम, निजणं हे उन्हाचं. ही साखळी एकदा मनात स्पष्ट उभी राहिली की ‘ऊन पसरले’नंतर ‘ओली’ येणं अर्थालाच खटकतं. दुसऱ्या ओळीसाठी गाणाऱ्याची जागा डोळ्यांसमोर आणा: पहिल्यात मुकं घर, दुसऱ्यात विहिरीचा काठ. अर्थ नुसता ‘समजणं’ आणि त्याची अशी साखळी करणं यांत फार अंतर आहे. गाण्याचा अर्थ सगळ्यांनाच समजलेला असतो, तरी कडवी अदलाबदल होतातच.

साखळी कडव्याकडव्यांतही लागते. इथे पहाट, दुपार, सांज हा क्रम आयता मिळाला. सगळ्या गाण्यांत तो नसतो. तसं असेल तर प्रत्येक कडव्याला एका शब्दाचं नाव द्या, शक्यतो डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचं, आणि ती नावं ओळीने पाठ करा. चार कडवी म्हणजे चार नावं. पुढच्या कडव्याचं नाव मधलं म्युझिक अर्ध्यावर आलं की मनात म्हणायचं. बरेच गायक म्युझिक संपेपर्यंत थांबतात आणि सुरुवातीच्या सुरावर पोचल्यावर शब्द शोधायला लागतात. तेव्हा उशीर झालेला असतो. नाव म्हणण्याची जागा ठरलेली असावी, म्हणजे ‘बासरीचा दुसरा तुकडा सुरू झाला की विहीर’ इतकी नेमकी.

शब्द आधी की चाल आधी?

यावर मतभेद ऐकू येतात. आधी शब्द कवितेसारखे घोकून घ्यावेत आणि मग चाल लावावी, असं अनेक जण सांगतात. ते मत पटण्यासारखं नाही. गायकांच्या स्मरणावर काम केलेल्या जेन गिन्सबोर्ग यांच्या अभ्यासांत शब्द आणि चाल एकत्र पाठ करणारे वेगवेगळं पाठ करणाऱ्यांपेक्षा अचूक ठरले. त्याचं कारण वर आलंच आहे: चाल हा शब्द शोधण्याचा मोठा आधार आहे, आणि घोकताना तोच काढून घेतला तर मग तो नव्याने जोडावा लागतो. म्हणून पाठ करताना चालीसकट करा आणि तपासताना चाल काढून तपासा. दुप्पट वेगाने बोलून म्हणण्याची चाचणी त्यासाठीच आहे. चालीची दुरुस्ती बाकी असेल, एखादी जागा अजून सुरात बसत नसेल, तर मात्र ती आधी सोडवा. सूर शोधणाऱ्या डोक्याला शब्दांकडे लक्ष द्यायला जागा उरत नाही.

जोड पक्के करण्याची रीत

एक कडवं दोनदोन ओळींनी घ्या. ओळी एकदा बघून गा, कागद उलटा करा आणि न बघता गा. अडलात तर लगेच डोकावू नका. पाच-सहा सेकंद शोधा, नाही सापडलं तरच बघा, आणि जिथे अडलं तिथे टिंब द्या. न बघता तीन वेळा स्वच्छ आलं की ते कडवं सोडून द्या. चौथ्यांदा, पाचव्यांदा म्हणून समाधान मिळतं, बाकी फारसं काही मिळत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरं काम करून परत या आणि तेच कडवं थंड डोक्याने, कागद न बघता, एकदा म्हणा. हे एकदा म्हणणं आधीच्या तीन वेळांपेक्षा जास्त उपयोगी असतं, कारण आता शब्द खरोखर शोधून आणावे लागतात.

कडवी सुटी बसली की जोड घ्या. जोडाचा सराव म्हणजे ध्रुवपदाची शेवटची चार-पाच अक्षरं, मधला ताल मोजून, आणि पुढच्या कडव्याची पहिली ओळ. एवढंच. पूर्ण कडवं म्हणायचं नाही. आपल्या गाण्यात ते असं होईल: ‘...यायचे आहे’, ताल, मनात ‘विहीर’, ‘दुपार झाली, ऊन पसरले, निजली सारी राने’. थांबा. प्रत्येक जोड पाच वेळा, पण सलग पाच नाही: दुसरा, तिसरा, पहिला, पुन्हा तिसरा असा क्रम मोडत. सलग म्हटलं की दुसऱ्या वेळेपासून उत्तर आधीच तोंडावर असतं आणि शोधण्याचं काम होतच नाही. सबंध सरावाला वीस मिनिटं लागतात. पूर्ण गाणं तितक्याच वेळात चार-पाच वेळा होईल, म्हणजे प्रत्येक जोडावर फक्त चार-पाच वेळा जाणं होईल आणि तेही नेहमी त्याच क्रमाने.

यानंतर चकवणारी कडवी समोरासमोर आणा. पहिल्याची पहिली ओळ आणि लगेच दुसऱ्याची पहिली ओळ, मधे ध्रुवपद नाही. मग उलट क्रमाने. हे पहिल्या दिवशी अजिबात करू नका. दोन्ही कडवी अजून कच्ची असताना शेजारी ठेवली तर ती आणखी मिसळतात. एक रात्र मधे जाऊ द्या, आणि सकाळी दोन्ही स्वतंत्रपणे स्वच्छ येतात हे बघूनच हा सराव घ्या.

शब्द सारख्या अर्थाच्या शब्दाने बदलणं, म्हणजे ‘थकून बसले’ऐवजी ‘दमून बसले’, हा दोष वेगळा आणि सौम्य आहे. अर्थ पाठ झाला, आवाज झाला नाही, एवढंच. त्या शब्दाचं पहिलं अक्षर आसपासच्या एखाद्या शब्दाशी जोडा, किंवा त्या अक्षरावर स्वराची कोणती जागा येते ते लक्षात ठेवा. दोन दिवसांत सुटतं.

रचना लांब असेल तर

दहा-बारा मिनिटांची सलग रचना, जिच्यात ध्रुवपद फिरून येत नाही, तिथे दुखणं थोडं वेगळं असतं. अदलाबदल कमी होते, पण एकदा सुटलं की परत पकडायला जागा सापडत नाही आणि माणूस थेट सुरुवातीला जातो. इथे उपाय म्हणजे रचनेला स्वतंत्र प्रवेशाच्या जागा देणं.

पियानोवादक गॅब्रिएला इमरे यांनी संगीतकार बाखच्या इटालियन कॉन्चेर्तो या रचनेचा तिसरा भाग कसा पाठ केला, याची नोंद मानसशास्त्रज्ञ रॉजर चॅफिन यांनी सुरुवातीपासून ठेवली होती. दोन वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर इमरे यांनी ते संगीत आठवून कागदावर लिहिलं, तेव्हा प्रत्येक विभागाची सुरुवात उत्तम आठवली आणि सुरुवातीपासून दूर जाल तसं आठवणं कमी होत गेलं. यातून निघणारा व्यवहार सोपा आहे. जितक्या सुरुवाती जास्त, तितका दोन सुरुवातींमधला धोक्याचा पट्टा लहान.

म्हणून रचनेचे चार ते आठ ओळींचे विभाग पाडा. विभाग अर्थ बदलतो किंवा चाल वळते तिथेच पाडा, कागदाच्या पानावर नाही. पान उलटतं तिथे पाडलेले विभाग स्टेजवर काही कामाला येत नाहीत. प्रत्येक विभागाला क्रमांक आणि नाव द्या. मग शेवटच्या विभागापासून पाठ करायला घ्या: आधी बारावा, मग अकरावा आणि बारावा, मग दहावा ते बारावा. असं केलं की गाताना तुम्ही कायम कमी पक्क्याकडून जास्त पक्क्याकडे जाता. रोज पहिल्यापासून सुरू करणाऱ्याचं याच्या नेमकं उलट होतं: जसजसा दम कमी होतो तसतसा रस्ताही अनोळखी होत जातो.

विभागांचे सांधे पक्के करायला वेदपाठकांच्या क्रमपाठाची रीत जशीच्या तशी उचलता येते. त्यात पदं, म्हणजे मंत्रातले सुटे शब्द, पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं अशा जोड्यांनी म्हणतात, म्हणजे प्रत्येक पद एकदा जोडीच्या शेवटी आणि एकदा सुरुवातीला येतं. इथे पदांऐवजी विभागांच्या शेवटच्या आणि पहिल्या ओळी घ्यायच्या. बारा विभागांचे अकरा सांधे, प्रत्येकाला अर्धा मिनिट. सहा मिनिटांत सगळे होतात, त्यामुळे रोज दोनदा करणंही जड जात नाही.

सराव बिघडवणे

घरचा सराव नेहमी एकाच खोलीत, त्याच लयीत, त्याच आवाजाबरोबर होतो, आणि आठवणीला त्या सगळ्याची सवय लागते. स्टेजवर मॉनिटरमधून स्वतःचा आवाज वेगळा येतो, लय थोडी चढलेली असते, म्युझिकचा तुकडा साथीदार एखादं आवर्तन लांबवतात. त्यामुळे गाणं बसल्यावर ते मुद्दाम अडचणीत म्हणून बघा. लय दहा टक्के वाढवून एकदा, तेवढीच कमी करून एकदा. कमी लयीत जास्त चुका होतात, ते बघून घाबरू नका: दोन शब्दांमधे विचार शिरायला जागा मिळते आणि तोंडाची सवय तुटते. चालत चालत म्हणा. कुणाला तरी समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत बघत म्हणा. त्याला सांगा की मधेच टाळी वाजवायची, टाळी वाजली की थांबायचं आणि तो म्हणेल त्या क्रमांकाचं कडवं उचलायचं. म्युझिक मुद्दाम एक आवर्तन जास्त वाजवून घ्या, कारण मनात म्हणायचं नाव लांबलेल्या म्युझिकमधे निसटून जातं असं फार वेळा होतं.

दिवस कमी असतील तेव्हा

चार दिवस असतील तर पहिल्या दिवशी लिहून काढणं, चौकटी आणि सुटी कडवी. दुसऱ्या दिवशी कागदाला हात लावण्याआधी सगळं एकदा आठवून म्हणा, राहिलेलं दुरुस्त करा आणि मग जोड. तिसऱ्या दिवशी समोरासमोरचा सराव आणि सराव बिघडवणं, चौथ्या दिवशी साथीदारांबरोबर. रोज चाळीस-पन्नास मिनिटं पुरतात, पण दोन बैठकांत, सकाळ आणि संध्याकाळ. कार्यक्रमाच्या दिवशी पूर्ण गाणं एकदाच गा आणि त्यानंतर फक्त कडव्यांच्या पहिल्या ओळी म्हणा. त्या दिवशी दिवसभर घोकल्याने आवाज थकतो आणि ऐनवेळी एखादा शब्द विसरला की नको ती धास्ती बसते.

एकच रात्र असेल, तर हिशेब वेगळा. चार कडव्यांपैकी दोन घ्या आणि ती नीट बसवा. दोन पक्की कडवी म्हणणं हे चार कच्च्या कडव्यांपेक्षा कधीही बरं, फक्त साथीदारांना आधी सांगा. संध्याकाळी दोन तास, मग झोप. रात्रभर जागून केलेलं पाठांतर सकाळी ओळखीचं वाटतं आणि स्टेजवर मिळत नाही.

स्टेजवर अडलंच तर

कोरं पडलात तर पहिलं काम म्हणजे ताल सोडायचा नाही. शब्द नसले तरी त्याच सुरावर ‘आ’काराने ओळ पुढे न्या, बहुतेक वेळा अर्ध्या ओळीत यमकाच्या जवळ शब्द परत येतात. नाही आले तर ध्रुवपदावर जा. यासाठी साथीदाराशी एक खूण आधी ठरवलेली असावी, उदाहरणार्थ डावा हात वर म्हणजे ‘मी ध्रुवपदावर येतोय’. ही खूण तालमीत खरोखर वापरून बघा. नुसती ठरवलेली खूण ऐनवेळी कुणाच्या लक्षात राहत नाही.

चुकीच्या कडव्यात शिरलात तर मधेच परत वळू नका. ‘दुपार झाली, धुके उतरले’ असं निघून गेलं असेल, तर ‘ओली झाली पाने’पर्यंत ती ओळ पूर्ण करा आणि दुसरी ओळ ‘विहिरीकाठी’वर उचला. यमक जुळतं, ऐकणाऱ्याला काही वावगं वाटत नाही. ‘धुके उतर... ऊन पसरले’ अशी दुरुस्ती मात्र सगळ्यांना ऐकू येते. खरा धोका यानंतर असतो. चूक झाली की ‘आता कोणतं कडवं झालं’ हाच हिशेब विस्कटतो आणि तिसऱ्याच्या जागी पुन्हा दुसरं येतं. म्हणून प्रत्येक कडवं संपलं की हाताचं एक बोट मिटायची सवय लावा. माइक एका हातात असला तरी दुसरा हात मोकळा असतो.

कागद ठेवायचा असेल तर त्यावर पूर्ण गाणं नको. पूर्ण मजकूर समोर असला की डोळे वाचायला लागतात, आणि मान वर करून परत खाली बघितल्यावर ओळ सापडत नाही. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या ओळीतले तीन मुख्य शब्द आणि दुसऱ्या ओळीचा पहिला शब्द एवढंच, मोठ्या अक्षरांत, दोन हात अंतरावरून वाचता येईल असं लिहा. वरच्या गाण्याच्या कागदावर फक्त ‘दुपार – ऊन – निजली / विहिरीकाठी’ अशा तीन ओळी असतील. मोबाइल वापरत असाल तर स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवा आणि कॉल बंद ठेवा. आणि तालमीतही तोच कागद, त्याच जागी ठेवून गा, म्हणजे ‘निजली’ कागदाच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे डोळ्यांना आधीच माहीत असेल.